काकू, आमचं चुकलं

परभाषेतून येऊन मराठी शिकणाऱ्या प्रौढ माणसाच्या शिक्षणात एक टप्पा असा येतो, की रोजचे अडणे थांबते. भाजी घेता येते, रिक्षा डावीकडे वळवता येते, ऑफिसात कोण रजेवर आहे ते सांगता येते. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणासाठी सहा पायऱ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ही तिसरी पायरी आहे. शिकवणारे तिला ‘बी वन’ म्हणतात. ओळखीच्या विषयावर साधा पण सलग मजकूर लिहिता येणे ही तिथली एक मुख्य अपेक्षा. सुटी वाक्ये जमणारा माणूस दहा वाक्ये एकमेकांना धरून लिहू शकतो का, हे तिथे पाहायचे असते.

यासाठी वर्गात सहसा ‘माझा आवडता सण’ किंवा ‘माझे गाव’ असे विषय दिले जातात. मी मात्र शेजाऱ्यांना लिहायची चिठ्ठी देते: काल रात्री आमच्या घरी पार्टी होती, फार आवाज झाला, माफ करा. हा विषय देण्यामागे पक्के कारण आहे. सणावरच्या निबंधात सगळी वाक्ये वर्तमानकाळात आणि कोणालाही उद्देशून नसतात. या चिठ्ठीत घडून गेलेली गोष्ट सांगावी लागते, समोरच्या माणसाला नात्याने हाक मारावी लागते, स्वतःची चूक कबूल करावी लागते आणि पुढचा शब्द द्यावा लागतो. आणि मराठीत चूक कबूल करणे ही निम्मी व्याकरणाची गोष्ट आहे, कारण वाक्यात कर्ता कुठे ठेवला, की ठेवलाच नाही, यावरून वाचणाऱ्याला माणसाचे मन कळते.

धड्यासाठी प्रसंग असा घेऊ. कानपूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेली एक तरुणी कोथरूडमधल्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर राहते. तिची भाषा हिंदी. खाली चौथ्या मजल्यावर निवृत्त काका-काकू. शनिवारी तिच्या भावाचा वाढदिवस होता, मित्रमैत्रिणी जमल्या, रात्री एकपर्यंत गाणी आणि नाच चालला. साडेअकराला काकूंनी वर येऊन बेल वाजवली. ‘हो, हो’ म्हणून दार लागले आणि गाणी तशीच चालू राहिली. रविवारी ती चिठ्ठी लिहायला बसते. या पायरीवरच्या हिंदी भाषकाचा पहिला मसुदा साधारण असा येतो:

“आदरणीय काकू, काल रात्री आपण पार्टी केली. खूप आवाज झाली. तुम्हाला त्रास झाला असेल तर मी तुमच्याकडून माफी मागते, पण माझ्या भावाचा वाढदिवस होता. असुविधेसाठी आम्ही दिलगीर आहोत. पुन्हा असं होणार नाही.”

यातल्या काही चुका नुसत्या सवयीच्या आहेत. हिंदीत ‘आवाज’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘आवाज झाली’. हिंदीत ‘आपसे’ माफी मागतात, म्हणून ‘तुमच्याकडून’. मराठीत आपण ‘तुमची’ माफी मागतो. लाल पेनाने एक रेघ मारली की ही दुरुस्ती संपते आणि काकूंनाही अशा चुकांचे काही वाटत नाही. उलट परकी मुलगी मराठीत लिहिते आहे म्हणून त्यांना बरेच वाटेल.

‘आपण पार्टी केली’ हे मात्र तसे नाही. हिंदी ‘हम’साठी मराठीत दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे असेल तर आपण, त्याला बाहेर ठेवून बोलायचे असेल तर आम्ही. गुजराती माणूस इथे अडखळत नाही, कारण त्याच्याकडे ‘आपणे’ आणि ‘अमे’ आहेत. तमिळ भाषकाकडेही अशी जोडी आहे आणि तेलुगू भाषकाकडेही. हिंदीत मात्र हा फरक नाही, आणि त्यात भर म्हणजे ‘आप’ या आदरार्थी शब्दाशी ‘आपण’ जुळल्यासारखा वाटतो. मग जिची झोप मोडली त्या बाईलाच या वाक्याने पार्टीत ओढले जाते: तुम्ही-आम्ही मिळून पार्टी केली. काकूंना अर्थ कळेल, पण चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत जबाबदारी वाटून घेतल्यासारखी होते. म्हणून ‘आम्ही’ हा शब्द या चिठ्ठीपुरता सर्वांत महत्त्वाचा मानावा. ज्यांनी आवाज केला ते सगळे त्याच्या आत आणि काकू त्याच्या बाहेर.

आता पुढचे वाक्य. लिंग सुधारून ‘खूप आवाज झाला’ केले की व्याकरण निर्दोष होते, आणि तरीही हे वाक्य मी वर्गात ठेवू देत नाही. मराठीत ‘होणे’ फार सोयीचे क्रियापद आहे. काच फुटली, दूध उतू गेलं, उशीर झाला, आवाज झाला: यात कोणी काही केलेले नसते, सगळे आपोआप घडते. घरात रोज आपण असेच बोलतो आणि त्यात काही वाईट नाही. पण ज्याच्यामुळे त्रास झाला त्यानेच ‘आवाज झाला’ लिहिले, तर तो स्वतः वाक्यातून निघून जातो. शिकणाऱ्याला हे लवकर कळत नाही, कारण ‘होणे’ त्याला पहिल्या महिन्यातच येते आणि सोपेही पडते. ‘आम्ही मोठ्याने गाणी लावली’ लिहायचे तर भूतकाळाचा खरा घाट ओलांडावा लागतो.

तो घाट असा. ‘आम्ही गाणी लावली’ या वाक्यात क्रियापद आम्हीकडे बघत नाही, गाण्यांकडे बघते. आपल्या शालेय व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. ‘आम्ही नाचलो’मध्ये मात्र क्रियापद आम्हीकडे बघते, तो कर्तरी. दोन्हीकडे ‘आम्ही’ जसाच्या तसा राहतो, त्याला ‘ने’सारखे काही लागत नाही, त्यामुळे नुसत्या कर्त्याकडे पाहून काही समजत नाही. हिंदी भाषकाला ‘हमने गाने लगाए’मुळे कर्मणीची कल्पना असते, फक्त नपुंसकलिंग त्याच्या भाषेत नसल्याने ‘गाणं–गाणी’ चुकते आणि ‘गाणे लावले’ असे काहीतरी उतरते. कन्नड भाषकाची अडचण वेगळी आहे. त्याच्या भाषेत क्रियापद नेहमी कर्त्यामागे जाते, म्हणून तो ‘मी पार्टी केलो’ लिहितो. सोलापूरकडच्या बोलण्यात ‘मी केलो’ सर्रास ऐकू येते, तेव्हा त्याला चूक म्हणून हिणवू नये. प्रमाण मराठीत कसे लिहितात तेवढे दाखवावे. मी या दोन क्रियापदांना एकाच वाक्यात बसवते: ‘आम्ही एक वाजेपर्यंत मोठ्याने गाणी लावली आणि नाचलो.’ एक कर्ता, दोन क्रियापदे, दोघांची तोंडे दोन दिशांना. हे वाक्य ज्याला न अडखळता लिहिता आले, त्याचा मराठी भूतकाळ बसला असे समजायला हरकत नाही.

मसुद्यातला पुढचा भाग व्याकरणाने बरोबर आहे आणि तोच सर्वांत जास्त बोचतो: ‘तुम्हाला त्रास झाला असेल तर’. ही शब्दरचना शिकणाऱ्याने उगाच शोधून काढलेली नाही, ती त्याने आपल्याकडूनच ऐकलेली असते. कार्यक्रमाच्या शेवटी, लग्नघरून पाहुणे निघताना, ‘काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या’ असे आपण म्हणतो. तिथे ते शोभते, कारण कोणतीही ठरावीक चूक समोर नसते. इथे काकू साडेअकराला दारात उभ्या होत्या. त्रास झाला की नाही याबद्दल शंका उरलेली नाही. अशा वेळी ‘असेल तर’ म्हणजे तुमच्या त्रासाची मला खात्री नाही, असा अर्थ होतो. त्याच्या शेजारी ‘पण’ आला की उरलेली माफीही पुसली जाते. वाढदिवस होता हे सांगायला काहीच हरकत नाही. फक्त त्याची जागा बदलावी. माफीच्या नंतर ‘पण’ लावून आले की ती सबब होते. सुरुवातीला, स्वतंत्र वाक्यात, ‘शनिवारी माझ्या भावाचा वाढदिवस होता’ असे आले की ती नुसती माहिती राहते. ‘वाढदिवस असल्यामुळे आवाज झाला’ हेही टाळावे, कारण तिथे सगळा दोष वाढदिवसाच्या अंगावर जातो.

‘दिलगीर आहोत’ हा शब्द शिकणाऱ्यांच्या कानावर रेल्वे स्थानकात पडतो, गाडी उशिरा येत असल्याच्या घोषणेत. ‘क्षमस्व’ तो रस्ता खोदल्याच्या फलकावर वाचतो. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण ते संस्थेने जनतेशी बोलायचे आहेत. पाचव्या मजल्याने चौथ्या मजल्याशी तसे बोलू नये. मग उरते काय? ‘सॉरी’ आहेच आणि तो आता मराठी शब्दच झाला आहे, पण जिन्यात धक्का लागला तरी आपण सॉरी म्हणतो. रात्रभराच्या त्रासाला तो पुरत नाही. पाठ्यपुस्तक ‘मला माफ करा’ शिकवते. ते चालते, मात्र ती आज्ञा आहे, त्यात काम समोरच्यावर टाकलेले असते. ‘मी तुमची मनापासून माफी मागते’ हे अधिक बरे, कारण यात करणारी मी आहे.

आणि मराठी माणूस घरात, आपल्या माणसाशी, खरोखर वाईट वाटल्यावर जे बोलतो ते यातले कुठलेच नसते. तो म्हणतो, ‘माझं चुकलं.’ दोन शब्द. ‘चुकणे’ आपोआप घडणाऱ्या क्रियापदांसारखेच आहे, पण त्याच्यामागे ‘माझं’ लागले की पळवाट बंद होते. हिंदीवरून येणारा शिकाऊ ‘आमच्याकडून चूक झाली’ लिहितो, तेही मराठीत बसते. तरी त्यात चूक थोडी दूर उभी राहते. ‘आमचं चुकलं’मध्ये ती मालकीची होते. हा वाक्प्रयोग तिसऱ्या पायरीवर शिकवायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. तो व्याकरणाने अवघड नाही, आणि एवढ्या लहान वाक्याने एवढे मोठे काम दुसरे कुठले होत नाही.

माफीची घडण कशी असते, यावर भाषाशास्त्रात बरेच काम झाले आहे. अँड्र्यू कोहेन आणि एलिट ओलश्टाइन या दोघांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हिब्रू भाषक इंग्रजीत माफी कशी मागतात हे तपासले, आणि माफीचे पाच घटक सांगितले: माफीचे शब्द, घडल्याचे कारण, जबाबदारी घेणे, भरपाईची तयारी आणि पुन्हा न करण्याचे वचन. प्रत्येक माफीत पाचही असावेत असे नाही. वर्गात हे पाच सांगितले की शिकणाऱ्यांना आपला मसुदा तपासायला हाताशी काहीतरी मिळते. आपल्या कानपूरच्या मुलीच्या मसुद्यात माफीचे शब्द दोनदा आहेत, कारण आहे, वचन आहे. जबाबदारी आणि भरपाई कुठेच नाही. कुठल्याही भाषेतला मध्यम पायरीवरचा विद्यार्थी बहुधा इथेच कमी पडतो. माफीचे शब्द पाठ असतात, जबाबदारीची वाक्ये स्वतः रचावी लागतात.

जबाबदारी घ्यायची तर नेमके काय झाले ते लिहायला हवे, आणि त्यासाठी खाली काय ऐकू आले हे माहीत हवे. वर पार्टी करणाऱ्यांना वाटते, खाली गाणी ऐकू गेली. काँक्रीटच्या इमारतीत तसे होत नाही. गाण्याचे शब्द आणि वरचे सूर स्लॅबमध्ये बरेचसे अडतात. नाचणाऱ्या पायांचे दणके, सरकणाऱ्या खुर्च्या आणि जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज मात्र थेट स्लॅबमधून खालच्या छतात उतरतो. म्हणून खिडक्या लावून घेतल्या तरी खालच्यांना आराम पडत नाही. काकूंच्या डोक्यावर तास न् तास धपधप चालली होती. मराठीत अशा आवाजांना किती नावे आहेत: दणदणाट, गोंगाट, कलकलाट, खडखड, धपधप. शिकणाऱ्याला मात्र ही सगळी देऊ नयेत. ‘आवाज’ त्याला येतो, त्यावर चिठ्ठी निभावते. हौस असेल तर ‘धपधप’ शिकवावी, कारण खाली तीच ऐकू येते.

काकू वर आल्या होत्या, हे चिठ्ठीत यायलाच हवे. ते टाळले तर बाकी सगळे लिहून उपयोग नाही, कारण आवाजापेक्षा जास्त लागलेली गोष्ट तीच आहे. इथे व्याकरणही पुढच्या पायरीला हात घालते: ‘तुम्ही वर येऊन सांगितलंत’. शेवटी तो ‘त’ तुम्हीचा. ‘सांगितलं’ एवढेच लिहिले तरी चालते, पण या छोट्या ‘त’ने वाक्य समोरच्या माणसाकडे वळते, आणि मराठी कानाला तो जाणवतो. ‘येऊन’मुळे दोन क्रिया एका वाक्यात येतात. त्याला जोडून ‘तरी’: सांगितलंत, तरी आम्ही आवाज कमी केला नाही. ‘पण’ने जी माफी पुसली जात होती, ती ‘तरी’ने भक्कम होते.

हे सगळे धरून चिठ्ठी पुन्हा लिहिली, की ती अशी होते:

“काकू, काका, नमस्कार.

शनिवारी माझ्या भावाचा वाढदिवस होता. आम्ही रात्री एक वाजेपर्यंत मोठ्याने गाणी लावली आणि नाचलो. काकू, तुम्ही वर येऊन सांगितलंत, तरी आम्ही आवाज कमी केला नाही. त्यामुळे तुमची आणि काकांची झोप मोडली. आमचं चुकलं. मी तुमची मनापासून माफी मागते.

यापुढे आम्ही रात्री दहानंतर गाणी लावणार नाही. घरी जास्त पाहुणे येणार असतील, तर तुम्हाला आधी सांगेन. कधी आवाज आला, तर मला फोन करा. तुम्हाला वर यावं लागू नये, म्हणून नंबर खाली लिहिला आहे.

तुमची वरच्या मजल्यावरची शेजारीण”

‘आदरणीय’ गेले. शाळेच्या पत्रलेखनातून आलेला तो शब्द शेजारच्या दारात जड वाटतो. जिन्यात ज्या नावाने हाक मारतो तीच चिठ्ठीत असावी. काकू म्हणत असाल तर काकू, आजी म्हणत असाल तर आजी. ‘सांगितलं’, ‘चुकलं’ अशी बोलण्यातली रूपे मुद्दाम ठेवली आहेत. ‘सांगितले’, ‘चुकले’ लिहूनही चालेल, मात्र अर्धी चिठ्ठी अशी आणि अर्धी तशी नको.

दुसऱ्या भागातल्या वचनाकडे जरा थांबून पाहावे. ‘पुन्हा असं होणार नाही’ यात तोच पळून जाणारा ‘होणे’ आहे, आणि ‘असं’ म्हणजे काय ते कोणालाच ठरवता येत नाही. ‘रात्री दहानंतर गाणी लावणार नाही’ हे पाळले की नाही, ते खालच्या मजल्यावरून कळते. दहा हा आकडाही हवेतला नाही: ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या केंद्रीय नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. चिठ्ठीत कायद्याचा उल्लेख नको, वेळ तेवढी कायद्याची घ्यावी. मसुद्यातून काढलेला ‘तर’ इथे दोनदा परत आला आहे, आणि इथे तो बरोबर आहे, कारण पाहुणे येतील का, आवाज येईल का, हे खरोखरच अजून ठरलेले नाही. फोनबद्दल लिहिताना शिकणारा पुष्कळदा ‘तुम्ही वर येऊ नका’ असे लिहितो. मनात असते काळजी आणि कागदावर उतरते दटावणी. ‘तुम्हाला वर यावं लागू नये’ अवघड आहे, पण तिसऱ्या पायरीच्या हाताला लागणारे आहे, आणि इथे त्यावाचून चालत नाही.

चिठ्ठी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. तिथे माफी मागितली की चाळीस घरांना कळते काकूंना त्रास झाला, आणि काकूंना सगळ्यांसमोर ‘हरकत नाही’ म्हणावेच लागते. कागद हातात द्यावा. दाराखालून सरकवला तर दुसऱ्या दिवशी दिसल्यावर तोंडानेही बोलावे. आणि त्या बोलण्याची तयारी धड्यातच करून घ्यावी, कारण उत्तर लिहिलेल्या मराठीत येत नाही. ‘असू दे गं’ आले तर विषय संपला. ‘होतं असं’ आले तरी संपला. नुसते ‘बरं’ आले तर मात्र राग अजून आहे; अशा वेळी आणखी माफी न मागता ‘काका बरे आहेत ना?’ विचारून निघावे, आणि पुढच्या शनिवारी दहाला गाणी बंद करावीत.

हा धडा झाल्यावर मी तीच चिठ्ठी दुसऱ्या शेजाऱ्याला लिहायला सांगते: समोरच्या फ्लॅटमधल्या आपल्याच वयाच्या मुलाला, ज्याला आपण ‘अरे’ म्हणतो आणि ज्याची सोमवारी परीक्षा होती. ‘तुम्ही’चा ‘तू’ होतो, ‘सांगितलंत’चा ‘सांगितलंस’, ‘तुमची’ची ‘तुझी’, ‘फोन करा’चा ‘फोन कर’. ‘झोप मोडली’च्या जागी ‘अभ्यास झाला नाही’ येते, आणि लगेच कोणीतरी विचारते, इथे पुन्हा ‘झाला’ का? मग फळ्यावर दोन वाक्ये लिहायची, ‘तुझा अभ्यास झाला नाही’ आणि ‘आम्ही तुला अभ्यास करू दिला नाही’, आणि वर्गाला निवडू द्यायचे.